साहेब दर आठवड्याला प्राधान्यक्रम बदलतात. त्यांच्यासोबत काम कसे निभावावे?

शरयू_क (धागाकर्ती)

नमस्कार. मी पाच जणांच्या टीमची प्रमुख आहे. ऑर्डर नोंदवण्यापासून बिल निघेपर्यंतचे कंपनीतले सॉफ्टवेअर आमच्याकडे असते. माझे साहेब विभागप्रमुख आहेत. त्यांना कामाची उत्तम जाण आहे आणि ते कधीही कुणावर आवाज चढवत नाहीत. अडचण एकच आहे, पण ती दीड वर्षापासून चालू आहे. सोमवारी आम्ही मिळून आठवड्याची कामे ठरवतो आणि शुक्रवार उजाडेपर्यंत त्यातले पहिले काम तिसऱ्या क्रमांकावर गेलेले असते, आणि सोमवारी ज्याचे नावही निघाले नव्हते असे एखादे काम पहिले झालेले असते.

मागच्या महिन्यात काय झाले ते सांगते. पहिल्या आठवड्यात परत आलेल्या मालाची नोंद हे सर्वांत महत्त्वाचे काम होते, म्हणून मी त्यावर तीन जण लावले. दुसऱ्या आठवड्यात ते थांबवून बिलाचा नवा नमुना हाती घ्यायला सांगण्यात आले आणि तिसऱ्या आठवड्यात तोही बाजूला ठेवून मासिक अहवाल. चौथ्या आठवड्यात साहेबांनी मला विचारले, "परत आलेल्या मालाचे काम अजून का झाले नाही?" त्यांच्या स्वरात राग नव्हता, त्यांना खरोखर आश्चर्य वाटले होते, आणि मी हादरले ती त्यामुळेच. ते काम आपणच थांबवायला सांगितले होते, हे त्यांच्या लक्षातच राहिले नव्हते.

"सतत बदल झाल्यामुळे कामे रखडतात" असे मी त्यांना एकदा शांतपणे सांगितले होते. त्यांना ते पटले, त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झाले. मला नोकरी बदलायची नाही आणि साहेबांची तक्रारही करायची नाही. अशा वरिष्ठांसोबत ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी नेमके काय केले, हे मला जाणून घ्यायचे आहे.

---

स्पष्टवक्ता

तुमची मूळ चूक ही आहे की तुम्ही तोंडी सूचनेवर काम थांबवता. मी असा नियमच केला आहे की, मेल आल्याशिवाय कोणतेही काम थांबवायचे नाही आणि कोणतेही नवे सुरू करायचे नाही. साहेब जागेवर येऊन काही सांगून गेले की, "आपण आज सांगितल्याप्रमाणे अमुक काम थांबवून तमुक काम सुरू करत आहे, त्यामुळे होणाऱ्या विलंबाची कृपया नोंद घ्यावी" असा मेल मी दहा मिनिटांत पाठवतो. उद्या "हे का झाले नाही" अशी विचारणा झालीच, तर उत्तर तयार असते.

---

निलाक्षी

अगदी माझ्या मनातला विषय. माझीही हीच कथा आहे. मला दोन साहेब आहेत. एक म्हणतात की आधी माझे काम कर, दुसरे म्हणतात की आधी माझे, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या कामाची कल्पना नसते. मी रोज रात्री नऊपर्यंत बसते. यावर उपाय काय?

---

वाटसरू

निलाक्षी, तुमचा त्रास खरा आहे, पण प्रश्न वेगळा आहे. तुमच्याकडे दोघेही आपापल्या म्हणण्यावर ठाम आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. तिथे दोघांनाही एकच यादी एकाच वेळी पाठवून, क्रम त्यांनी आपसांत ठरवावा अशी विनंती करावी लागते, कारण तो निर्णय तुमच्या पातळीवरचा नाहीच. शरयू यांच्याकडे माणूस एकच आहे आणि त्याचेच म्हणणे बदलते आहे.

शरयू, मी सुमारे वीस वर्षे मधल्या फळीत काम केले. तीन साहेब असे होते आणि तिघांची कारणे तीन होती. म्हणून उपाय सुचवण्याआधी मी तुम्हाला एक काम सांगतो. दोन आठवड्यांपूर्वी संपलेले आठ-नऊ आठवडे घ्या आणि तुमच्या सोमवारच्या याद्या व आलेले निरोप यांवरून प्रत्येक बदलाची एक ओळ लिहून काढा. बदल कोणत्या दिवशी आला, साहेब त्याच्या आदल्या दिवशी कुठे होते किंवा कुणाला भेटले होते, त्यामुळे काय थांबले, आणि दोन आठवड्यांनंतर तो बदल जिवंत होता की आपोआप विरून गेला होता. अगदी ताजे बदल घेऊ नका, कारण ते टिकतील की नाही हे अजून कळायचे आहे.

ही वही साहेबांना दाखवण्यासाठी नाही. दाखवलीत तर तिचे आरोपपत्र होईल. पाणी कुठे मुरते आहे हे तुम्हाला कळावे, एवढाच तिचा उपयोग.

स्पष्टवक्ता, लेखी ठेवण्याचा तुमचा आग्रह योग्य आहे. पण "विलंबाची नोंद घ्यावी" हे वाक्य वाचणाऱ्याला ही व्यक्ती पुरावा गोळा करत आहे असेच वाटते. असे चार मेल गेले की साहेब तुमच्याशी मोकळेपणाने बोलणे थांबवतात, आणि मग बदल तुम्हाला आणखी उशिरा कळतात. मी हे स्वतः करून पाहिले आहे आणि त्याचे नुकसानही सोसले आहे. मेल तोच ठेवा, त्याचा रोख बदला. "आपले बोलणे झाल्याप्रमाणे आजपासून बिलाचा नमुना घेत आहोत. परत आलेल्या मालाची नोंद १४ ऐवजी २१ तारखेला होईल. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास उद्या सकाळपर्यंत सांगावे." माहिती तीच आहे, पण हा मेल काम पुढे नेण्यासाठी लिहिलेला आहे आणि चूक दुरुस्त करण्याची वाट त्याने उघडी ठेवली आहे.

---

अंकगणित

अशा बदलांची किंमत आकड्यांत दाखवता येते, ती साहेबांना दाखवावी असे मी सुचवीन. तीन कामे धरा, प्रत्येक दोन आठवड्यांचे. एकामागून एक केली तर ती दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या आठवड्याच्या अखेरीस पूर्ण होतात, म्हणजे सरासरी ४ आठवडे. आता दर आठवड्याला काम बदलले, पहिले, दुसरे, तिसरे आणि पुन्हा पहिले अशा क्रमाने, तर ती चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या आठवड्याच्या अखेरीस पूर्ण होतात, म्हणजे सरासरी ५ आठवडे. मेहनत तेवढीच झाली, शेवटच्या कामाचा दिवसही बदलला नाही, तरी पहिले काम दोन आठवडे आणि दुसरे एक आठवडा उशिरा हाती आले. अर्धवट सोडलेले काम पुन्हा हातात घेताना ते आठवण्यात अर्धा दिवस जातो असे धरले, तर दीड दिवस आणखी वाढतो.

---

मधला_मजला

मी त्या दुसऱ्या खुर्चीत बसतो, म्हणजे प्राधान्यक्रम बदलणारा साहेब मीच आहे. म्हणून तिकडची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

अंकगणित यांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात तिन्ही कामे सारख्या लांबीची आणि सारख्या मोलाची धरलेली आहेत. दहा दिवसांचे काम बाकी असताना एका दिवसाचे काम मध्ये घेतले, तर मोठे काम फक्त एक दिवस पुढे जाते, पण छोट्या कामाची वाट पाहणाऱ्याचे दहा दिवस वाचतात. म्हणजे प्रत्येक बदल तोट्याचाच असतो असे नाही. शिवाय एखाद्या ग्राहकाशी बोलणी चालू असतात किंवा वर एखादा निर्णय व्हायचा असतो आणि तो मी टीमला सांगू शकत नाही. अशा वेळी मी फक्त "हे आधी घ्या" एवढेच म्हणतो. टीमला तो माझा लहरीपणा वाटतो, आणि त्यांना तसे वाटते हे मला फार उशिरा कळले.

माझ्या टीममधल्या दोघांची वागण्याची पद्धत सांगतो. एकजण मला चौदा कामांची यादी पाठवायचा आणि "यातले कोणते आधी?" असे विचारायचा. ती यादी मी कधीही शेवटपर्यंत वाचली नाही. दुसरी येऊन म्हणायची, "हे घेते. त्यासाठी अहवालाचे काम थांबवू की बिलाचे? अहवाल थांबवला तर तो ५ ऐवजी १२ तारखेला मिळेल. मला अहवाल थांबवणे बरे वाटते." तिला मी अर्ध्या मिनिटात उत्तर द्यायचो, आणि साधारण तीनदा विचारले तर एकदा मीच म्हणायचो, "मग राहू दे, नवे काम पुढच्या आठवड्यात घेऊ." तिने मला कधीही नाही म्हटले नव्हते. नव्या कामाच्या बदल्यात काय जाते, तेवढेच ती माझ्यासमोर ठेवत असे.

---

शरयू_क

सर्वांचे मनापासून आभार. वाटसरू यांनी सांगितल्याप्रमाणे चार संध्याकाळी बसून मी ९ आठवड्यांची नोंद केली, आणि जे दिसले ते मला अनपेक्षित होते.

एकूण ११ बदल झाले होते. त्यांपैकी ७ शुक्रवारी सकाळी आले होते. दोन बदल ग्राहकांच्या तक्रारींमुळे झाले होते आणि दोन साहेबांच्या स्वतःच्या कल्पना होत्या. दोन आठवड्यांनंतर फक्त ४ बदल जिवंत होते. त्यांत ग्राहकांचे दोन्ही, साहेबांच्या कल्पनांपैकी एक आणि शुक्रवारच्या सातांपैकी केवळ एक. उरलेल्या सहा शुक्रवारी आम्ही जे काम थांबवले, ते ज्याच्यासाठी थांबवले त्याचा नंतर कुणी उल्लेखही केला नाही.

गुरुवारी संध्याकाळी साहेबांची त्यांच्या वरिष्ठांसोबत आढावा बैठक असते. हे मला ठाऊक होते, पण या दोन गोष्टींचा संबंध मी कधी जोडला नव्हता. आता पुढे काय करावे?

---

वाटसरू

तुमच्या नोंदीने अर्धे काम केले आहे. गुरुवारच्या बैठकीत काय होत असेल, हे मी अंदाजाने सांगतो, कारण मी स्वतः अशा बैठकांत दोन्ही बाजूंना बसलो आहे. वरच्या साहेबांनी सहज विचारले असणार, "त्या मासिक अहवालाचे काय झाले?" तो केवळ प्रश्न असतो. पण तुमच्या साहेबांकडे त्या क्षणी उत्तर नसते, म्हणून ते म्हणतात, "लगेच पाहतो." शुक्रवारी सकाळी तो प्रश्न आदेश होऊन तुमच्या टेबलावर येतो. वरच्या साहेबांना बहुतेक वेळा फक्त काम कुठवर आले हे ऐकायचे असते, म्हणून पुढच्या गुरुवारी ते त्याबद्दल विचारतही नाहीत आणि तुमचा बदल विरून जातो.

हे खरे असेल, तर शुक्रवारी वाद घालून उपयोग नाही. गुरुवारी दुपारी, बैठकीपूर्वी तासभर आधी, साहेबांच्या हातात अर्ध्या पानाचे टिपण द्यायला हवे. टिपण म्हणजे कामांची यादी नव्हे. वरून जे तीन-चार प्रश्न येण्याची शक्यता आहे, त्यांची तयार उत्तरे. तुमच्याच कामांवरून नमुना देतो.

> परत आलेल्या मालाची नोंद : चाचणी चालू आहे. २१ तारखेला वापरात येईल.
>
> बिलाचा नवा नमुना : २२ तारखेला काम पुन्हा सुरू होईल. तोवर जुन्या नमुन्यावर काम अडत नाही.
>
> मासिक अहवाल : काम सध्या थांबवलेले आहे. आत्ता घ्यायचा असल्यास परत आलेल्या मालाची नोंद एक आठवडा पुढे जाईल.

तिसऱ्या ओळीवर लक्ष द्या. काम झालेले नाही हे लपवलेले नाही, पण ते लगेच घेतल्यास त्याची किंमत काय, हेही त्याच ओळीत आहे. साहेबांना वरच्या खोलीत हे वाक्य जसेच्या तसे वाचता आले पाहिजे. तिथे त्यांच्या बाजूला तुम्ही नसता, तुमचा कागद असतो.

एक गोष्ट आधी पारखून घ्या. पीटर ड्रकर यांनी वरिष्ठांचे वाचणारे आणि ऐकणारे असे दोन प्रकार सांगितले होते, आणि माझ्या अनुभवात हा भेद फार उपयोगी पडला आहे. तुमचे साहेब मेल न उघडता तुम्हाला बोलावून "काय लिहिले आहे ते सांगा" असे म्हणत असतील, तर ते ऐकणारे आहेत. मग कागद पाठवून थांबू नका. पाच मिनिटे समोर बसून या तीन ओळी बोलून दाखवा आणि कागद नंतर द्या.

बाकीच्या चार बदलांबाबत वेगळे वागावे लागेल. ग्राहकांच्या तक्रारी खऱ्या असतात, त्या घ्यायच्याच, आणि त्या वेळी मधला_मजला यांनी सांगितलेली अदलाबदल मांडायची. साहेबांची स्वतःची कल्पना असेल तेव्हा, "हे ठरले आहे का, की अजून विचार चालू आहे?" असे साधेपणाने विचारावे. पुष्कळ साहेब बोलता बोलता विचार करतात आणि आपले मोठ्याने केलेले चिंतन खालच्या माणसाने हुकूम म्हणून उचलले आहे, हे त्यांच्या गावीही नसते. विचार चालू असेल, तर ती कल्पना सोमवारच्या यादीच्या तळाशी लिहून ठेवावी आणि सोमवारी त्यांच्यासमोर वाचावी.

---

स्पष्टवक्ता

तुमचा मेलबाबतचा मुद्दा मला पटला, मी माझे वाक्य बदलून पाहीन. पण अदलाबदलीच्या प्रश्नावर माझे साहेब काय म्हणतात, ते सांगतो. "दोन्ही करा." याला तुमच्याकडे काय उत्तर आहे?

---

मधला_मजला

हे मीही म्हटले आहे, त्यामुळे त्याचा अर्थ सांगतो. कधी त्याचा अर्थ "मला आत्ता निवड करायची नाही" एवढाच असतो. अशा वेळी तुम्ही निवड करून ती मला कळवावी. "दोन्ही घेतो. दोन्ही चालू ठेवल्यास दोन्ही १४ ऐवजी २१ तारखेला होतील. उद्या दुपारपर्यंत वेगळे काही कळले नाही, तर बिलाचे काम आधी पूर्ण करून १४ ला देतो आणि दुसरे २१ ला." बहुतेक वेळा मी उत्तर देत नाही, आणि ते न देणे म्हणजे माझी संमतीच असते.

---

वाटसरू

यात एक भर घालतो. मौन म्हणजे संमती हे सर्व साहेबांच्या बाबतीत खरे नसते. मौन पाळून नंतर "मी असे म्हटलेच नव्हते" असे म्हणणारेही असतात. म्हणून हा प्रयोग पहिल्यांदा अशा कामावर करावा, ज्यात चूक झाली तरी ती दोन दिवसांत भरून काढता येईल. त्यावरून साहेबांची पद्धत कळते. आणि दोन्ही कामे वेळेत हवीत, तारीख हलवायची नाही आणि माणूसही वाढवून द्यायचा नाही, असे कुणी वारंवार म्हणत असेल, तर तो प्रश्न प्राधान्यक्रमाचा उरलेला नाही. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

---

अंकगणित

मोठे आणि छोटे काम यातला फरक मधला_मजला यांनी योग्य दाखवला, तो माझ्याकडून सुटला होता. मात्र शरयू यांच्याकडचे बदल तीन-तीन जणांचे आठवडे खाणारे आहेत, म्हणून त्यांच्या बाबतीत माझा हिशेब लागू पडतो असे मला अजूनही वाटते. तो साहेबांना दाखवायचा की नाही?

---

वाटसरू

माझा अनुभव असा की सरासरीने कुणाचेही मन वळत नाही. "कामे सरासरी एक आठवडा उशिरा होतात" हे वाक्य ऐकून साहेब मान डोलावतात, जशी शरयू यांच्या साहेबांनी डोलावली होती. "परत आलेल्या मालाची नोंद १४ ऐवजी २१ ला होईल" असे म्हटले की ते काम ज्याला हवे आहे त्याचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर येतो. हिशेब तुम्ही करावा, पण साहेबांसमोर कामाचे नाव आणि तारीख ठेवावी.

---

अनामिक_वाचक

टीममधला एक माणूस तातडीच्या कामांसाठी राखून ठेवावा, असे मी सुचवीन. पाच जणांपैकी चौघांनी सोमवारी ठरलेले काम करायचे आणि पाचव्याने आठवडाभर अचानक आलेली कामे घ्यायची, दर आठवड्याला हा पाचवा बदलायचा. आमच्याकडे यामुळे बाकीच्यांचे काम सलग चालते. मात्र हे साहेबांना सांगू नये. मोकळा माणूस आहे असे कळले की त्याला लगेच कायमचे काम मिळते.

---

मधला_मजला

मला हे पटत नाही. माझ्या टीमने एक माणूस माझ्यापासून लपवून ठेवला आहे असे मला कळले, तर मी त्यांनी दिलेल्या कोणत्याच तारखेवर विश्वास ठेवणार नाही, आणि या धाग्यातले सगळे उपाय तारखांवरच्या विश्वासावर उभे आहेत. "आठवड्यात एका माणसाइतके तातडीचे काम येतेच, म्हणून तेवढी जागा ठेवली आहे" असे उघडपणे सांगावे.

---

अनामिक_वाचक

आपण समंजस आहात म्हणून आपल्याला तसे वाटते. मी उघडपणे सांगितले होते आणि तिसऱ्याच आठवड्यात तो माणूस दुसऱ्या टीमला देण्यात आला. आपले तत्त्व योग्य असेल, परंतु मी ते पुन्हा करणार नाही.

---

शरयू_क

सहा आठवड्यांनी परत लिहीत आहे. ज्यांनी वेळ काढून सांगितले, त्यांना पुढे काय झाले ते कळवणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या गुरुवारी मी टिपण मेलने पाठवले. साहेबांनी ते उघडले नाही आणि शुक्रवारी नेहमीप्रमाणे बदल आला. दुसऱ्या गुरुवारी मी पाच मिनिटे मागून घेतली आणि तीन ओळी बोलून दाखवल्या. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, मासिक अहवालाच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली आणि तो घडी करून खिशात ठेवला. शुक्रवारी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अहवालाबद्दल विचारले होते. मी सांगितले की आत्ता घेतला तर दुसरे काम एक आठवडा लांबेल. ते म्हणाले, मग पुढच्या महिन्यात घ्या." बैठकीत प्रश्न येऊनही बदलाशिवाय गेलेला तो दीड वर्षातला माझ्या आठवणीतला पहिलाच शुक्रवार. परत आलेल्या मालाची नोंद ठरल्याप्रमाणे वापरात आली.

चौथ्या आठवड्यात मात्र माझी चूक झाली आणि ती इथे लिहायलाच हवी. बिलाच्या नमुन्याची तारीख मी टिपणात २८ लिहिली. ती मला स्वतःला पक्की वाटत नव्हती, पण कागद नेटका दिसावा म्हणून मी एकच तारीख दिली. साहेबांनी ती बैठकीत सांगितली. काम ४ तारखेपर्यंत लांबले आणि त्यांना वर खुलासा द्यावा लागला. ते मला काही बोलले नाहीत, पण पुढच्या गुरुवारी त्यांनी प्रत्येक ओळीवर विचारले, "ही नक्की का?" आता जिथे खात्री नाही तिथे मी "२८ ते ४ च्या दरम्यान, २४ ला नक्की सांगते" असे लिहिते. त्यांच्या मनातली शंका पूर्ण गेली आहे असे अजून वाटत नाही.

सहा आठवड्यांत एकूण ४ बदल झाले. पहिल्या शुक्रवारचा एक आणि उरलेले तीन ग्राहकांचे. त्या तिन्ही वेळी मी दोन पर्याय आणि माझी शिफारस घेऊन गेले. दोनदा त्यांनी शिफारस मान्य केली आणि एकदा नवे कामच पुढे ढकलले.

राखीव माणसाबाबत मी साहेबांना उघडपणे सांगितले आहे. अद्याप कुणी त्याला हात लावलेला नाही, पण अनामिक_वाचक यांचा अनुभव माझ्या मनात आहे.

एक गोष्ट सुटलेली नाही. ज्या सहकाऱ्याचे काम दोनदा अर्धवट थांबवले गेले, तो आता कोणत्याही कामात पहिल्यासारखा मन घालत नाही. "हेही थांबेलच" असे तो म्हणतो, आणि त्याला खोटे ठरवण्याइतके आठवडे अजून माझ्या हाताशी नाहीत.

---

वाटसरू

सहा आठवडे हा काळ लहान आहे आणि वर्षातला एखादा शांत काळही असू शकतो, म्हणून नोंद चालूच ठेवा. तारखेबाबत तुमच्याकडून जे झाले ते माझ्याकडूनही झाले होते. विश्वास परत यायला तीन-चार तारखा खऱ्या ठराव्या लागतात.

सहकाऱ्याबद्दल एवढेच सुचवतो. काम थांबवण्याची वेळ आलीच, तर ते त्याच क्षणी सोडायला लावू नका. त्याला अर्धा दिवस द्या. कुठपर्यंत आले, पुढची पायरी कोणती, कोणती गोष्ट अजून तपासलेली नाही, हे त्याने एका पानावर लिहावे आणि काम पुन्हा उचलता येईल अशा ठिकाणी आणून ठेवावे. साहेबांसमोर अदलाबदल मांडतानाही हा अर्धा दिवस त्यात धरून सांगा.

---

शरयू_क

हा अर्धा दिवस मी आजवर कधीच दिला नव्हता. "आत्ताच्या आत्ता सुरू करा" असे म्हटले की आम्ही सगळे हातातले तसेच टाकून उठत होतो. बिलाचा नमुना वापरात आल्यावर मासिक अहवालाचे काम त्या सहकाऱ्याकडेच जाणार आहे. तो पूर्वी मध्येच थांबला होता आणि त्याचे कोणतेही टिपण आमच्याकडे नाही. तेव्हा सोमवारी सुरुवात करताना पहिला दिवस, तो कुठे सोडला होता हे शोधण्यातच जाईल, असे मी साहेबांना आजच कळवते.